मथळ्यात प्रश्नचिन्ह कुठून आलं?

'वसईहून गणेशपुरीला कसं जायचं?' अशा मथळ्याची पानं आता सर्रास दिसतात. पूर्वी त्याच मजकुरावर 'गणेशपुरी : इतिहास आणि माहात्म्य' असं लिहिलेलं असे. हे प्रश्नचिन्ह मथळ्यात एकदम आलेलं नाही. त्याला पंचवीसएक वर्षांचा इतिहास आहे.

1997 साली अमेरिकेत 'आस्क जीव्ज' नावाचं संकेतस्थळ निघालं. पूर्ण वाक्यात प्रश्न विचारा, उत्तर मिळेल, असं त्याचं आश्वासन होतं. पण त्यामागे माणसं बसून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं यांची जोडी लावत, आणि लोकांच्या प्रश्नांना अंत नव्हता. मग गूगल आलं आणि लोक तुटक शब्द टंकायला शिकले. 'ganeshpuri bus timing' हे कुणाच्या तोंडचं वाक्य नाही. यंत्राला समजावं म्हणून माणसानं आपली भाषा कापून घेतली होती.

2013 मध्ये गूगलनं 'हमिंगबर्ड' आणलं आणि सुटे शब्द जुळवण्याऐवजी अख्ख्या प्रश्नाचा अर्थ लावायला सुरुवात केली. लवकरच एखाद्या पानातला उत्तराचा तुकडा उचलून निकालांच्या वर चौकटीत दाखवणंही सुरू झालं. मराठीसाठी खरा टप्पा ऑगस्ट 2017 चा. गूगलनं आवाजावरून लिहिण्याची सोय ज्या नव्या भाषांना दिली, त्यांत मराठी होती. वर्षभरापूर्वीच जिओमुळे डेटा स्वस्त झाला होता. ज्यांना मराठी टंकणं जड जायचं, ते माइकचं चिन्ह दाबून विचारू लागले, आणि बोलताना कुणी शब्द कापत नाही.

बोललेल्या प्रश्नात नेमकं काय बदलतं, ते गणेशपुरीवरच पाहू. टंकणारा 'गणेशपुरी गरम पाणी' एवढंच देतो. बोलणारा विचारतो, 'गणेशपुरीच्या कुंडात अंघोळ करता येते का?' पहिल्याला दहा पानं चाळायची तयारी असते, दुसऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. पानाची सुरुवात तानसा नदी आणि स्वामी नित्यानंदांच्या चरित्रानं झाली, तर उत्तर चौथ्या परिच्छेदात अडकतं. ते पहिल्या दोन वाक्यांत हवं: भीमेश्वर मंदिरालगत कुंडं आहेत, तिथे अंघोळ करता येते, दुरुस्तीसाठी कधी बंद असतात, ही माहिती अमुक तारखेची आहे. चरित्र आणि इतिहास नंतर, आणि तेही हवेतच.

बोलणारा माणूस नावंही बोलीतल्या सवयीनं घेतो. 'वज्रेश्वरीचं कुंड' म्हणणाऱ्याला पुष्कळदा अकलोलीची कुंडं हवी असतात. 'गणेशपुरीचा आश्रम' म्हणणाऱ्याच्या मनात नित्यानंदांचं समाधी मंदिर असू शकतं, किंवा मुक्तानंदांचं गुरुदेव सिद्धपीठ. या दोन वेगळ्या जागा आहेत. पानानं दोन्ही नावं घेऊन फरक एका वाक्यात सांगितला नाही, तर माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. जाण्याचा प्रश्नही असाच. वसई रोड स्थानकापासून साधारण 30 किलोमीटर, एवढं सांगून भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, परतीची शेवटची गाडी कधी?

लोक आपल्या पानाला काय विचारतात, हे सर्च कन्सोलमध्ये दिसतं. मात्र प्रश्न बोलून आला की टंकून, हे तिथे वेगळं कळत नाही. अगदी विरळ प्रश्न तर दाखवलेच जात नाहीत. म्हणून खुणेवरून ओळखावं लागतं. प्रश्नांच्या यादीला 'रेजेक्स'ची ही गाळणी लावून पाहा:

```
कसं|कसे|कधी|कुठे|किती|kasa|kadhi|kuthe|kiti
```

'कसं' आणि 'कसे' दोन्ही घ्यावे लागतात, आणि रोमन लिपीतलेही. लांबलचक, क्रियापदासह आलेले प्रश्न बहुधा बोलीतले. ते बाजूला काढले की पानात कोणतं उत्तर राहून गेलंय ते दिसतं.

प्रश्नाचं उत्तर थेट निकालांत दाखवण्याच्या सोयीचा गैरवापरही झाला. 2019 पासून प्रश्नोत्तरांना विशेष कोड लावलं की ती थेट निकालांत दिसत. मग ज्याला त्याला पानाच्या तळाशी कुणीच न विचारलेले दहा प्रश्न चिकटवायची सवय लागली. ऑगस्ट 2023 मध्ये गूगलनं ही सोय सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित स्थळांपुरती ठेवली. तरीही एकाच उत्तराची पाच पानं, पाच वेगळ्या प्रश्नांच्या मथळ्यांखाली, असा प्रकार अजून चालतो. मला तो वाचणाऱ्याची फसवणूक वाटतो. 'कसं जायचं' आणि 'कुठून जायचं' यांचं उत्तर एकच असेल, तर पानही एकच असावं.

देवस्थानांची, गावांची, लॉजची पानं चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. मथळ्यात प्रश्न ठेवलात तर त्याचं उत्तर पहिल्या दोन वाक्यांत द्या आणि त्याखाली तारीख टाका. ते जमत नसेल, तर साधं 'गणेशपुरी' एवढंच नाव ठेवा.