शेकडो जोड्यांची चाळणी आणि पहाटेचे साडेपाच

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी बसूनही बायनान्सवरील आभासी चलनांच्या शेकडो जोड्यांची माहिती विनामूल्य मिळते. त्यासाठी खाते लागत नाही. दीर्घकाळ एका अरुंद पट्ट्यात रेंगाळलेला आणि मोठ्या उलाढालीसह त्यातून वर आलेला भाव हुडकणारी चाळणी, म्हणजे स्कॅनर, अवघ्या तीन अटींवर उभी राहते. खरी अडचण असते ती कोणता दिवस मोजावा, ही.

चलनांची यादी `/api/v3/exchangeInfo` येथून मिळते. तीतून टेथरमधील (`USDT`) जोड्या निवडून प्रत्येकीच्या 22 दैनिक कँडल मागवाव्यात:

```
/api/v3/klines?symbol=SOLUSDT&interval=1d&limit=22
```

यातील शेवटची कँडल अपुरी असते. बायनान्सचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार संपतो. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. रात्री आठला चाळणी चालवली, तर साडेचौदा तासांची उलाढाल पूर्ण दिवसांच्या उलाढालीशी ताडली जाते. म्हणून शेवटची कँडल वगळावी. तिच्या आधीची कँडल हा तपासायचा दिवस, आणि त्याआधीच्या वीस हा पट्टा.

```
(H20 - L20) / L20 <= 0.08
Q >= 3 * median(Q20)
C > H20
```

`H20` व `L20` हे वीस दिवसांतील उच्चांक व नीचांक, `Q` ही टेथरमधील उलाढाल आणि `C` हा बंद भाव. आठ टक्के व तिप्पट हे आकडे केवळ आरंभापुरते. ते ज्याने त्याने पारखून घ्यावेत. सरासरीऐवजी मध्यक घेतला आहे, कारण एखाद्या दिवसाच्या उसळीने सरासरी फुगते.

एक काल्पनिक जोडी घेऊ. वीस दिवसांचा उच्चांक 104, नीचांक 98. पट्टा सुमारे 6.1 टक्के. उलाढालीचा मध्यक 20 लाख. एकविसाव्या दिवशी भाव 108 पर्यंत जाऊन 107 वर बंद झाला, उलाढाल 70 लाख. जोडी उत्तीर्ण. पण तपासायचा दिवसच चुकून पट्ट्यात धरला, तर उच्चांक 108 होतो, पट्टा 10.2 टक्क्यांवर जातो आणि जोडी गळते. जे शोधायचे तेच चाळणी फेकून देते! यादी दिवसेंदिवस रिकामी येऊ लागली, की प्रथम हीच चूक तपासावी.

`USDCUSDT` सारख्या स्थिर चलनांच्या जोड्यांचा पट्टा स्वभावतःच अरुंद असतो. त्या आधीच काढाव्यात. किमान उलाढालीचीही अट हवी, अन्यथा मृतप्राय जोडीत एका खरेदीनेही तिप्पट भरते. आणि बिटकॉइन उसळले, की एकाच सकाळी तीस जोड्या उजळतात. त्या तीस संधी नव्हेत, एकच घटना होय.

फसव्या इशाऱ्याची किंमत भारतात अधिक पडते: 1 एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.