टका तोच, दाम दीडपट: १६०१ नंतरच्या खानदेशच्या जमेचं गणित

जुन्या महसुलाचे आकडे वाचताना पहिला प्रश्न असा विचारायचा: हा आकडा कोणत्या नाण्यात आहे? खानदेशचं एक उदाहरण घेऊन बघूया. कागद-पेन जवळ ठेवा.

जानेवारी १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकींचं खानदेश अकबराकडे गेलं. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याबद्दल तीन गोष्टी सापडतात. एक, जमा म्हणजे ठरवलेला सारा १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टके. दोन, असीर घेतल्यावर बादशहाने तो दीडपट केला. तीन, टका २४ दामांचा धरला. दाम हे मुघलांचं तांब्याचं नाणं, आणि हिशेबात ४० दामांचा एक रुपया.

आता गुणाकार करा. टक्यांची दीडपट करून २४ ने गुणलं तर ४५,५२,९४,२३२ दाम येतात, म्हणजे साधारण १ कोटी १४ लाख रुपये. पण दीडपट न करता थेट २४ ने गुणलं तर येतात ३०,३५,२९,४८८ दाम, म्हणजे सुमारे ७६ लाख रुपये. तीच वाक्यं, पण उत्तरांत ३८ लाखांचा फरक! कोणतं धरायचं?

उत्तर शेजारच्या सुभ्यात मिळतं. वऱ्हाडची जमा ‘आईन’मध्ये साडेतीन कोटी टके म्हणजे ५६ कोटी दाम अशी दिली आहे. भागून बघा, वऱ्हाडी टका १६ दामांचा निघतो. आणि १६ ची दीडपट किती? बरोबर २४. म्हणजे दुसरी आणि तिसरी गोष्ट वेगळ्या नाहीत. वाढ केली ती टक्याचा दर बदलूनच. ती दोनदा मोजली की सारा फुगतो.

आणखी एक पडताळा आहे. शाहजहानच्या काळात, १६४७ च्या सुमारास, लाहोरी खानदेशची जमा ४० कोटी दाम देतो. तोवर माळव्यातली बीजागड आणि नंदुरबार ही सरकारं खानदेशला जोडली गेली होती. मुलूख वाढला असताना जमा साडेपंचेचाळीस कोटींवरून ४० कोटींवर आली, असं मानणं अवघड आहे. तीस कोटींवरून ४० कोटी मात्र सहज पटतं. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, कारण मधे १६३०-३२ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. पण आधीच्या भागाकाराला त्याचा आधार मिळतो.

आता यातली खरी गोम बघा. समजा, चोपडा परगण्यातल्या एका गावावर १०० टके सारा आहे. आधी तो १,६०० दाम, म्हणजे ४० रुपये. नंतर २,४०० दाम, म्हणजे ६० रुपये. वहीतला आकडा १०० टकेच राहिला, जमीन नव्याने मोजावी लागली नाही, तरी २० रुपये जास्तीचे झाले. बाजारात टकाच महाग होऊन २४ दामांचा झाला असता, तर या बदलाने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ‘आईन’ स्वतःच याला वाढ म्हणतं. म्हणजे दराच्या आडून सारा वाढवला गेला.

हे २० रुपये आणायचे कुठून? रुपया चांदीचा, आणि चांदी मुख्यतः समुद्रमार्गे सुरतेला यायची. तिथे उतरणारे स्पॅनिश रियाल वितळवून टांकसाळीत रुपये पाडले जात. ती चांदी खानदेशात यायला इथून काहीतरी बाहेर विकलं जायला हवं. ‘आईन’मध्ये धरणगावच्या कापडाची खास नोंद आहे, ती इथे महत्त्वाची ठरते. कापड, कापूस विकला गेला, तरच शेतकऱ्याच्या हाती रुपया पडणार आणि मग तो साऱ्यात जाणार. सुरतेची वाट बंद पडली, तर शेतात ज्वारी उभी असूनही सारा थकणार.

शेवटी एक मर्यादा लक्षात ठेवा. जमा म्हणजे वसूल नव्हे. प्रत्यक्ष हाती आलं त्याला हासिल म्हणत. मनसबदाराला पगारापोटी २४ च्या दराने जहागीर लावून दिली, पण गावाने १६ च्या दरानेच भरलं, तर त्याच्या हाती पगाराचे दोन तृतीयांशच पडणार. तेव्हा तुमच्या तक्त्यात जमेचा रकाना भरताना शेजारी दोन रकाने आणखी ठेवा: नाणं कोणतं, आणि दर कोणी, कधी ठरवला. त्यांच्याशिवाय दोन वर्षांच्या जमेची तुलना करू नका.