अवसर: घाईत सापडलेला शब्द

भाची मुलुंडहून बंगळुरूला नोकरीला गेली. घर बघायला गेल्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘अवसर इल्ल, निधानवागि हेळि.’ ‘इल्ल’ म्हणजे नाही, हे तिला ठाऊक होतं. अवसर म्हणजे संधी. म्हणजे घर मिळायचं नाही! हिरमुसून ती परत फिरली. बाईंचं म्हणणं मात्र होतं, ‘घाई नाही, सावकाश सांगा.’

संस्कृतात ‘अवसर’ म्हणजे योग्य वेळ. मराठीने त्यातली संधी घेतली, कन्नडने वेळ टळण्याआधीची धांदल. तमिळमध्येही ‘अवसरम्’ म्हणजे तातडीच, तेलुगूत मात्र गरज. ‘निधान’चंही तसंच: आपल्याकडे तो ठेवा, तिकडे संथपणा. मग कन्नडात संधीला काय म्हणतात? ‘अवकाश’!

म्हणून भाचीला मी सांगितलं, ओळखीचा शब्द ऐकू आला की त्याचं क्रियापद ऐक. ‘माडु’ म्हणजे करणं. रिक्षावाल्याला ‘अवसर माडबेडि’ म्हटलं, तर ‘घाई करू नका’. संधी कोणी ‘करू नका’ म्हणणार नाही, तिथेच अर्थ उलगडतो.

आकारान्त नामांचं तसं सोपं आहे. भाषा, परीक्षा, चिंता यांच्या शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ केला की भाषे, परीक्षे, चिंते होतात, आणि हे तिन्ही अर्थ बदलत नाहीत. शिवाय ‘ननगे कन्नड बरल्ल’ ही रचना तर थेट आपलीच: ‘मला कन्नड येत नाही.’ भाषा आपल्यासारखीच तिथेही ‘येते’.

भाचीने त्या बाईंना फोन केला. खोली अजून रिकामी होती.