वीस हजारांचे तीन वाटे

बँकेच्या ॲपमध्ये नॉमिनी म्हणून आईचं नाव टाकलं की माझ्यामागे पैसे तिचेच, असं मी धरून चाललो होतो. मग ‘सरबती देवी विरुद्ध उषा देवी’ हा १९८३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला.

१९६७च्या जूनमध्ये एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, बायको आणि लहान मुलगा. दहा-दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी होत्या, दोन्हींवर नॉमिनी बायको. सगळी रक्कम माझीच, असं ती म्हणाली. सासूने आपला आणि नातवाचा वाटा मागत दावा लावला. म्हणजे कागदोपत्री मुलगा स्वतःच्या आईविरुद्ध! खालच्या कोर्टांपासून उच्च न्यायालयापर्यंत बायको जिंकत गेली.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र निकाल फिरवला. नॉमिनीला पैसे दिले की विमा कंपनी मोकळी होते, पण नॉमिनी मालक होत नाही. मालकी वारसा कायद्याने ठरते. आई, बायको, मुलगा तिघेही पहिल्या वर्गाचे वारस, म्हणून प्रत्येकी एक तृतीयांश, साधारण ६,६६६ रुपये.

बँकेतल्या ठेवींबाबतही २०१०मध्ये न्यायालयाने हेच म्हटलं. म्हणजे माझ्या ॲपमधली आई पैसे काढू शकेल, पण उद्या माझं लग्न झालं तर त्यात बायकोचाही वाटा असेल.

विम्याच्या कायद्यात २०१५मध्ये दुरुस्ती झाली. आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेचा लाभ त्यांचाच, असं कलमात आलं. तरीही २०२५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वारसांचा हक्क यामुळे बुडत नाही, असा अर्थ लावला.