मंडळाचा ई-मेल पत्ता

‘मंडळाला मेल केला’ एवढंच आपण म्हणतो. तो कुणाकडे पोचला, हे पत्त्याच्या प्रकारावर ठरतं. समजा, लालबागच्या एखाद्या मंडळाच्या utsav@ पत्त्यावर मंडपाच्या परवानगीबद्दल पालिकेच्या विभाग कार्यालयाचा मेल आला. पत्ता म्हणजे वितरण यादी असेल, तर यादीतल्या प्रत्येकाच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये एकेक प्रत पडते आणि यादीपाशी काहीच उरत नाही. चिटणिसांनी ‘रिप्लाय’ केला की उत्तर त्यांच्या वैयक्तिक पत्त्यावरून थेट कार्यालयाला जातं. इतरांना त्याची गंधवार्ता नसते, मग खजिनदारही तेच नकाशे पुन्हा धाडतात. जुलैत यादीत आलेल्याला जूनचा मेल दिसत नाही; सोडून गेलेल्याकडे मात्र जुन्या प्रती राहतात.

समूह-उपनावाचंही जवळपास असंच. फक्त नावं मेल सर्व्हरच्या फाइलीत असतात, त्यामुळे कार्यकारिणी बदलली की सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या मागे लागावं लागतं:

```
utsav: chitnis, khajindar
```

सामायिक मेलबॉक्समध्ये मेल एकदाच साठतो. परवानगी असलेले सगळे तोच मेल उघडतात, नवा चिटणीस गेल्या वर्षीचा पत्रव्यवहारही वाचू शकतो आणि परवानगी काढली की दार बंद. मेलबॉक्स उघडण्याची आणि त्याच्या नावाने पाठवण्याची परवानगी मात्र वेगळी असते. आणखी एक मेख: मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये पाठवलेल्या उत्तराची प्रत मुळात पाठवणाऱ्याच्याच ‘सेंट’मध्ये जाते. ती मेलबॉक्समध्येही राहावी, म्हणून वेगळी सेटिंग चालू करावी लागते.