सतत हात धुऊन भेगा पडतात? कोणती हँड क्रीम, कधी आणि किती लावायची?

वॉर्डातली नर्स, हॉटेलातला आचारी, मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मावशी, ब्यूटी पार्लरमधली मुलगी. या सगळ्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात. आधी बोटांच्या बेचक्यात आणि अंगठीखाली त्वचा कोरडी पडते, मग लाल होते, खाज सुटते आणि शेवटी बोटांच्या पेरांवर भेगा पडतात. डॉक्टर याला 'इरिटंट कॉन्टॅक्ट डर्माटायटिस' म्हणतात. यात ॲलर्जी नसते. पाणी आणि साबण पुन्हा पुन्हा लागून त्वचेची झीज झालेली असते.

प्रश्न फक्त दुखण्याचा नाही. भेगांमध्ये आणि चिरांमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सहज घर करतो. नर्सच्या हातातून तो रुग्णापर्यंत पोहोचू शकतो, तर आचाऱ्याच्या हातातून अन्नात. त्याने अन्नात तयार केलेलं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. शिवाय हात झोंबायला लागले की माणूस नकळत हात धुणं टाळतो.

त्वचा का फाटते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. साबण हाताचा तेलकटपणा काढतो, तेव्हा हे सिमेंटही थोडं थोडं विरघळतं. गरम पाण्याने ते आणखी लवकर निघतं. एकदा धुतल्यावर झालेलं नुकसान त्वचा काही तासांत भरून काढते. पण त्याआधीच पुन्हा हात धुतले, तर भिंतीत फटी पडतात. त्या फटींतून आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण आत शिरतो.

हँड क्रीमचं काम या फटी तात्पुरत्या बुजवण्याचं आहे. त्यामुळे दिवसातून एकदा लावून फारसा उपयोग होत नाही.

लोशन, क्रीम आणि मलम यांत फरक काय?

फरक मुख्यतः पाणी आणि तेलाच्या प्रमाणाचा आहे. लोशनमध्ये पाणी जास्त असतं. ते लगेच जिरतं, पण लवकर निघूनही जातं. क्रीममध्ये तेलाचा भाग अधिक असतो. पेट्रोलियम जेलीसारख्या मलमात पाणी जवळजवळ नसतंच. ते सर्वांत जास्त वेळ टिकतं, पण हात चिकट होतात आणि काम करता येत नाही. म्हणून कामाच्या वेळी हलकी क्रीम आणि रात्री मलम, अशी विभागणी सोयीची पडते.

लेबलवर दोन प्रकारचे घटक शोधावेत. ग्लिसरीन त्वचेत पाणी धरून ठेवतं, तर पेट्रोलॅटम किंवा डायमेथिकोन वरून झाकण घालतं. दोन्ही असलेली क्रीम चांगली. सेरामाइड असेल तर ते त्वचेतल्या 'सिमेंट'चाच एक घटक आहे, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही. युरिया जाड, खरखरीत त्वचेसाठी उपयोगी आहे, मात्र उघड्या भेगांवर ते झोंबतं. आधी भेगा भरू द्याव्यात.

सुगंधी क्रीम टाळावी. फाटलेल्या त्वचेतून सुगंधी द्रव्यं आत शिरतात आणि त्यांची ॲलर्जी होऊ शकते. लिंबू-ग्लिसरीनचा घरगुती उपायही भेगांवर नको, कारण लिंबाचं आम्ल जखम चिघळवतं. खोबरेल तेल रात्री लावायला हरकत नाही, पण ते पाणी धरून ठेवत नाही. म्हणून ते ओलसर हातावर लावावं.

किती लावायची? एका ड्युटीचं गणित

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली क्रीम साधारण अर्धा ग्रॅम भरते. एका हाताच्या दोन्ही बाजूंना एवढी पुरते. म्हणजे दोन्ही हातांना एका वेळी 1 ग्रॅम.

समजा, एका नर्सची सकाळची ड्युटी आहे. तिने ड्युटीला निघण्यापूर्वी, चहाच्या सुट्टीत, जेवणानंतर आणि ड्युटी संपल्यावर क्रीम लावली, तर दिवसाला 4 ग्रॅम लागतात. 50 ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपते. तीच ट्यूब तीन महिने पुरत असेल, तर क्रीम फार कमी लावली जात आहे. त्यामुळे महागडी छोटी ट्यूब घेण्यापेक्षा साधी, मोठी आणि बिनवासाची क्रीम परवडते.

हात टिपून घ्यावेत, घासून पुसू नयेत. त्वचा किंचित ओलसर असतानाच क्रीम लावावी. बहुतेक जण तळहातावरच चोळतात, पण बेचके, पेरं आणि नखांच्या कडा राहून जातात. भेगा नेमक्या तिथेच पडतात. झोपताना मलमाचा थर देऊन सुती हातमोजे घातले, तर ते रात्रभर टिकतं.

लॅटेक्सचे हातमोजे घालायचे असतील, तर त्याआधी पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नये. त्याने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटू शकतं. वॉर्डात सगळ्यांनी बोटं घालायची डबीही नको. ट्यूब किंवा पंप बरा.

साबण की सॅनिटायझर?

भेगांवर सॅनिटायझर झोंबतं, म्हणून तेच हात फाडतं असा समज होतो. प्रत्यक्षात हात मळलेले नसतील, तर ग्लिसरीनयुक्त अल्कोहोल सॅनिटायझर साबण-पाण्यापेक्षा त्वचेला कमी त्रास देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत 1.45 टक्के ग्लिसरीन याच कारणासाठी आहे. मात्र हाताला रक्त, घाण किंवा तेल लागलं असेल, तर साबणच हवा. दोन्ही लागोपाठ वापरल्यास त्रास वाढतो.

आचाऱ्यांनी काय करावं?

आचाऱ्याचे हात तेलकट होतात आणि कच्च्या मांसालाही लागतात. त्यामुळे साबण टाळता येत नाही. त्याने क्रीम सुट्टीत आणि काम संपल्यावर लावावी आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी हात पुन्हा धुवावेत. भांडी घासताना रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत. ते घामाने ओले झाले की बदलावेत, नाहीतर हात आतल्या आत भिजत राहतात.

क्रीमने फरक पडत नसेल तर?

नीट क्रीम लावूनही दोन-तीन आठवड्यांत सुधारणा नसेल, तर कारण वेगळं असू शकतं. उजवा हात चालणाऱ्या आचाऱ्याच्या डाव्या अंगठ्याची आणि शेजारच्या दोन बोटांची टोकंच फाटत असतील, तर लसणाची ॲलर्जी असू शकते, कारण पाकळी त्याच बोटांत धरली जाते. नर्सच्या मनगटावर हातमोज्याच्या कडेपर्यंतच पुरळ असेल, तर हातमोज्यातल्या रबराची किंवा रसायनांची शंका घ्यावी. एकाच तळहातावर कोरडे पापुद्रे निघत असतील, तर बुरशी असू शकते. पू, सूज किंवा नखुरडं असेल, तर थांबू नये.

अशा वेळी मेडिकलमधून परस्पर 'खाजेची क्रीम' आणू नये. त्यातल्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. त्याने आधी बरं वाटतं, पण बुरशी आतून पसरते आणि फार दिवस वापरल्यास त्वचा पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञ गरजेनुसार स्टेरॉइड देतात, पण ते ठरावीक दिवसांसाठीच असतं. ॲलर्जीची शंका असेल, तर ते पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात.