गारेचे पाते (ताम्रपाषाणयुग) : शालेय प्रदर्शनाचा फलक, धर्मापुरी, जि. बीड

कॅल्सेडनी या गारेच्या दगडातून काढलेला लांबट, अरुंद आणि धारदार तुकडा. लांबी रुंदीच्या निदान दुप्पट आणि दोन्ही कडा जवळपास समांतर असतील, तरच त्याला पाते म्हणतात. बाकीचे नुसते छिलके. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचे हे रोजच्या कामाचे हत्यार होते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी अशी पाती भरपूर मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ साली उत्खनन सुरू केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी उजेडात आणलेली ही वस्ती सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली आहे.

पात्याचा दगड आपल्या ओळखीचा आहे. दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत सिलिका मिसळलेले पाणी झिरपत गेले आणि तिथे गार तयार झाली. काळा पाषाण झिजून त्याची माती होते, गार मात्र टिकते. म्हणून ती शेतात आणि ओढ्यात सुटी सापडते. धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर ज्या काळ्या दगडात उभे आहे, त्याच्याच पोटातली ही वस्तू. गारेला ठरावीक दिशेचे पदर नसतात, त्यामुळे कारागीर नेम धरून ती फोडू शकतो आणि फुटलेली कड काचेइतकी तीक्ष्ण निघते.

खरे कसब गोटा तयार करण्यात होते. कारागीर गोट्याच्या एका अंगाला, आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून लहान छिलके उडवीत असे. त्यातून वरपासून खालपर्यंत एक नागमोडी कणा उभा राही. मग कण्याच्या वरच्या टोकाशी जोर दिला, की तो सबंध कणा एका लांब तुकड्यात सुटून येई. या पहिल्या पात्याची पाठ खडबडीत आणि छेद त्रिकोणी असतो. ते निघालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ कडा उरतात, आणि पुढचे पाते त्यातल्या एका कडेच्या रोखाने सुटते. असे एकामागून एक पाते काढत गेले, की शेवटी शिसपेन्सिलीसारखा पैलूदार गाभा हातात राहतो. कण्याचे ते पहिले पाते ओळखता आले पाहिजे, कारण ते जिथे पडलेले असते तिथे पाती घडवली जात होती असे म्हणता येते. तयार पाती बाहेरून आणणाऱ्याकडे ते सहसा आढळत नाही.

पाते नुसते बोटांत धरून वापरता येई. काहींची एक कड बारीक ठोके देऊन मुद्दाम बोथट केलेली दिसते. ही बोथट बाजू लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकासारख्या चिकट पदार्थाने बसवीत. अशी चार-पाच पाती ओळीने बसवली की विळा तयार. एखादे मोडले तर तेवढेच बदलायचे.

काही पात्यांच्या कडेवर चकाकीचा पट्टा दिसतो. गवताच्या आणि धान्याच्या ताटांत सिलिका असते. ताटे कापता कापता ती घासून ही झिलई चढते. पण झिलई सातूची की रानगवताची, हे केवळ डोळ्यांनी सांगता येत नाही. इनामगावात सातूचे आणि इतर धान्यांचे जळके दाणेही मिळाले, म्हणून तिथे पात्याचा संबंध कापणीशी जोडणे रास्त ठरते. त्याच वस्तीत तांब्याच्याही वस्तू होत्या, पण थोड्या. तांबे दुरून आणावे लागे आणि मोडले तरी वितळवून पुन्हा घडवीत. गार जवळपास मिळे आणि झिजलेले पाते टाकून देत. त्यामुळे धातू माहीत असूनही कापणे, सोलणे, तासणे ही कामे दगडच करीत राहिला.

माणसाने काढलेले पाते आणि नांगराने फुटलेली गार यांत गफलत होऊ शकते. पाते पालथे करून पाहावे. जिथे जोर दिला त्या टोकाखाली गुळगुळीत फुगवटा असतो आणि तिथून मंद लाटा पसरलेल्या दिसतात; वरच्या पाठीवर आधी निघालेल्या पात्यांच्या लांब खुणा असतात. फुगवटा एकटाच असेल तर त्यावर विसंबू नये, कारण दगड दगडावर आपटूनही तो येतो. पाठीवरच्या समांतर खुणा मात्र योगायोगाने येत नाहीत.

सुट्या पात्याचे वय त्याच्या आकारावरून ठरत नाही, कारण अशी पाती हजारो वर्षे घडवली गेली. इनामगावात ते थरांवरून, सोबतच्या खापरांवरून आणि कोळशाच्या कार्बन तपासणीवरून ठरले. शेतात पाते दिसले तर त्याचा जागेवरच फोटो घ्यावा, गट नंबर टिपावा आणि आजूबाजूला खापरे आहेत का ते पाहावे. तिथे उकरू मात्र नये.